६०० व्हीएचा यूपीएस १४ महिन्यांत बसला, आता ११०० घेऊ का? (गुहागर तालुका)

सुरंगी

नमस्कार मंडळी. गुहागरपासून थोडं आत, समुद्राच्या अगदी जवळ आमचं घर आहे. मी घरून चार-पाच आंबा व्यापाऱ्यांचे हिशोब टॅलीवर लिहिते. डेस्कटॉप आहे, आय-फाइव्ह, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, २२ इंची मॉनिटर. मागच्या वर्षी मार्चमध्ये ६०० व्हीएचा यूपीएस घेतला. सुरुवातीला लाईट गेली की वीस मिनिटं तरी आरामात चालायचा. गेल्या महिन्यापासून लाईट गेली की दोनदा 'पीं पीं' करतो आणि खलास. परवा नोंदी चालू असताना बंद पडला आणि टॅलीची कंपनी उघडेना. शनिवारचा बॅकअप होता म्हणून वाचले, पण दोन दिवसांचं काम गेलंच.

दुकानदार म्हणतो, तुमचा लोड जास्त आहे, ११०० व्हीए घ्या. किंमत जवळपास दुप्पट. घेऊ का? आणि कुठल्या कंपनीचा? एपीसी, मायक्रोटेक, ल्युमिनस, न्यूमेरिक ही नावं ऐकली आहेत. कोणाची सर्व्हिस आपल्याकडे बरी?

टेक_चिपळूण

११००च घ्या. ६०० म्हणजे ६०० गुणिले ०.८, ४८० वॉट. तुमच्या पीसीचा एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, ४५० वॉटचा असणार, वर मॉनिटर. म्हणजे काठोकाठ. ११०० घेतलात की बॅकअपही सरळ दुप्पट. मी स्वतः तोच वापरतो, गेमिंग करतानासुद्धा काही होत नाही.

देवगडचो_बापू

माझ्याकडे इन्व्हर्टर आसा, मोठी ट्यूबुलर बॅटरी. कॉम्प्युटर त्येच्यावरच चलता. चार वर्सां झाली, काय एक होऊक नाय. ह्यां यूपीएसचां लफडां कशाक करतंस?

कोकमसरबत

लॅपटॉपला यूपीएस लागत नाही ना? माझा लॅपटॉप चार्जिंग काढलं की लगेच बंद पडतो. त्याला किती व्हीएचा लावू?

कातळवाट

कोकमसरबत, तुमच्या लॅपटॉपची आतली बॅटरी गेली आहे. यूपीएस नको, बॅटरी बदला.

सुरंगीताई, दुकानदाराचं ऐकायच्या आधी लोड मोजू या. मी रत्नागिरीत बावीस वर्षं यूपीएस दुरुस्त केले, आता निवृत्त आहे. 'लोड जास्त आहे' हे वाक्य मी स्वतः गिऱ्हाइकांना इतक्यांदा ऐकवलं आहे की त्यावर माझा फारसा विश्वास राहिलेला नाही.

चिपळूणकर, दोन गोष्टी दुरुस्त करतो. घरगुती ६०० व्हीएच्या खोक्यावर बारीक अक्षरात बहुतेक वेळा ३६० वॉट लिहिलेलं असतं, म्हणजे ०.६ने गुणायचं. आणि एसएमपीएसवरचा ४५०चा आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो. टॅली चालवताना पीसी त्याच्या पाव भागाइतकीसुद्धा वीज घेत नाही.

ताई, लोड मोजायला काही विकत घ्यायला नको. घराबाहेरच्या मीटरवर लाल दिवा लुकलुकतो. त्याच्या शेजारी 3200 imp/kWh किंवा असाच एखादा आकडा छापलेला असेल. म्हणजे एक युनिट जळलं की दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. घरातलं सगळं बंद करा, फ्रिज आणि देव्हाऱ्यातला दिवासुद्धा. यूपीएस बाजूला ठेवून कॉम्प्युटर, मॉनिटर आणि राऊटर थेट भिंतीच्या प्लगवर लावा, नेहमीसारखं काम चालू ठेवा आणि कोणाला तरी पाच मिनिटं मीटरपाशी उभं करून दिवा मोजायला सांगा. मग असं :

```
वॉट = पाच मिनिटांतले लुकलुक × 12 × 1000 ÷ 3200
```

सुरंगी

पुतण्याला उभं केलं होतं. तो मध्येच मांजरामागे गेला म्हणून दोनदा मोजलं. मीटरवर 3200च आहे. पहिल्यांदा २३, दुसऱ्यांदा २४. म्हणजे ९० वॉट? फक्त?

कातळवाट

फक्त ९०. पीसी सुरू होताना किंवा मोठा रिपोर्ट काढताना क्षणभर दीडशेला जाईल. ३६० वॉटच्या यूपीएसला हे काहीच नाही. तुमचा यूपीएस लहान पडलेला नाही, त्यातली बॅटरी मेली आहे.

आता किती वेळ चालायला हवा ते. ६०० व्हीएच्या पेटीत साधारणपणे १२ व्होल्ट, ७ एएचची एक बॅटरी असते. कागदावर गुणाकार केला तर ८४ वॉट-तास येतात आणि वाटतं, ९० वॉटला पाऊण-एक तास मिळेल. तसं होत नाही. पहिलं म्हणजे बारा व्होल्टचे दोनशे तीस करताना यूपीएस स्वतः काही खातो, म्हणून तुमच्या ९०साठी बॅटरीतून ११०च्या वर ओढले जातात. दुसरं म्हणजे बॅटरीवरचं '७ एएच' हे ती वीस तासांत सावकाश रिकामी केली तर. तुम्ही ती एकदम नऊ-दहा अँपिअरने उपसता. विहिरीतनं कळशीने पाणी काढलं तर दिवसभर पुरतं, पंप लावला की झरा भरायच्या आत तळ दिसतो, तसं. नव्या बॅटरीवर तुम्हाला वीस-पंचवीस मिनिटं मिळणार. तुम्ही सुरुवातीला वीस म्हणालात, म्हणजे तेव्हा माल चांगलाच होता.

व्हीए म्हणजे एका वेळी किती ओढता येईल. किती वेळ, ते बॅटरीकडे. काही ११०० व्हीएच्या पेट्यांत ७ एएचच्या दोन बॅटऱ्या असतात. तिथे तुमचा लोड पाऊण तासाच्या वर जाईल, म्हणजे दुपटीहूनही जास्त, कारण प्रत्येक बॅटरीवरचा ताण अर्धा होतो. पण हजार व्हीएच्या काही पेट्यांत एकच बॅटरी असते. तिथे दुप्पट पैसे देऊन तेवढीच पंचवीस मिनिटं. खोक्यावर 'अमुक मिनिटांपर्यंत' लिहिलेलं असतं, त्यातलं 'पर्यंत' नीट वाचा. आणि दुकानात पेटी हातात घेऊन बघा, दोन बॅटऱ्यांचं वजन लपत नाही.

टेक_चिपळूण

०.६चं मान्य. माझ्या खोक्यावर आत्ता बघितलं, ११०० व्हीए, ६६० वॉट. पण बॅटरी १४ महिन्यांत का गेली? माझी तिसऱ्या वर्षात आहे.

कातळवाट

प्रश्न तोच आहे. अशी बॅटरी आपल्या हवेत अडीच-तीन वर्षं तरी चालायला हवी. ताई, यूपीएस कुठे ठेवला आहे? लाईट असतानाही कधी 'टक् टक्' असा आवाज करतो का? आणि त्याच्या पाठीवर इनपुट व्होल्टेज काय लिहिलं आहे?

सुरंगी

टेबलाखाली, भिंतीपासून हातभर लांब. ऊन नाही. पाठीवर १६०-२८० लिहिलंय.

आणि हो! टक् टक् करतो! संध्याकाळी सातनंतर तर सारखाच. कधी कधी लाईट असताना 'पीं' सुद्धा वाजतं, मिनिट-दोन मिनिटं, मग थांबतं. आम्हाला वाटायचं ती त्याची सवयच आहे. मे महिन्यात फार होतं. वाडीत आता तीन होमस्टे झाले आहेत, सगळ्यांना एसी.

कातळवाट

सापडलं बहुतेक. लाईट असताना वाजणारं ते 'पीं' म्हणजे यूपीएस बॅटरीवर गेलेला असतो. व्होल्टेज थोडं उतरलं की आतला रिले टक् करून ते वर ओढतो, तोवर बॅटरीला हात लागत नाही. पण १६०च्या खाली गेलं की त्याच्या लेखी लाईट गेलेलीच. म्हणजे तुमच्या घरात रोज संध्याकाळी, दिवे लागलेले असताना, यूपीएस दहा-वीस वेळा बॅटरी उपसतो. रिकामी झालेली ही बॅटरी पूर्ण भरायला सहा-आठ तास लागतात. तुमची कधी धड भरतच नसणार. अशी अर्धपोटी ठेवलेली बॅटरी वर्षभरात जाते.

इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून प्लगवरचं व्होल्टेज बघा. दुपारी एकदा, संध्याकाळी आठला एकदा. आणि दोन्ही वेळा हजार वॉटची इस्त्री लावून किती उतरतं तेही बघा. त्याच वेळी शेजाऱ्यांकडे किती आहे तेही हवं. स्वतः सॉकेटमध्ये पिना खुपसू नका.

टेक_चिपळूण

मग यूपीएसच्या आधी स्टॅबिलायझर लावायचा. सोपं आहे.

कातळवाट

चालतं कधी कधी. पण स्टॅबिलायझरचा रिले बदलला की यूपीएसचा बदलतो, तो बदलला की परत याचा. रात्रभर दोघांची फुगडी चालते. आणि कारण घरातच असलं तर स्टॅबिलायझर ते झाकून ठेवेल. आधी आकडे येऊ देत.

देवगडचो_बापू

म्हणान सांगतंय, इन्व्हर्टर घे. माका कधी टक् टक् नाय.

कातळवाट

बापू, तुमच्या इन्व्हर्टरच्या मागे एक लहान बटण असेल, 'यूपीएस' आणि दुसरीकडे 'नॉर्मल' किंवा 'वाइड' असं काहीतरी. ते यूपीएसवर असेल म्हणून तुमचा कॉम्प्युटर तगतो. नॉर्मलवर असलं की लाईट जाताना अदलाबदलीला जास्त वेळ लागतो, पंखा-ट्यूबला कळत नाही, कॉम्प्युटर मात्र झटकन रीस्टार्ट होतो. पण यूपीएसवर ठेवलं की इन्व्हर्टरही व्होल्टेजच्या बाबतीत नखरेल होतो, १८०च्या आसपासच बॅटरीवर जातो. तुमच्याकडे व्होल्टेज चांगलं आहे म्हणून गाडी चालली आहे. ताईंकडे तोच इन्व्हर्टर रोज संध्याकाळी बॅटरीवर राहील.

देवगडचो_बापू

बटण बघलंय. यूपीएसवरच आसा. झिलान लावल्यानी आसतला, माका खयचां कळतां.

चाकरमानी_बोरिवली

विषय निघालाच आहे तर. आमचं घर दापोलीजवळ, गणपती आणि मे महिना सोडला तर बंद. तिथे ठेवलेल्या यूपीएसची बॅटरी दर वर्षी नवी घालावी लागते. वापर काहीच नाही, तरी जाते. निसर्ग वादळात (जून २०२०) कितीतरी दिवस लाईट नव्हती, तेव्हा पहिली गेली, ते एक समजू शकतो. पण दर वर्षी?

कातळवाट

वापर नाही म्हणूनच जाते. निघताना मेन स्विच पाडता ना? यूपीएसचं बटण चालू राहिलं असेल तर तो त्याच दिवशी बॅटरी पिऊन टाकतो, आणि ती रिकामी बॅटरी गणपतीपर्यंत तशीच पडून राहते. निघताना यूपीएस पूर्ण चार्ज करा, त्याचं स्वतःचं बटण बंद करा, मग मेन पाडा. तीनेक महिन्यांनी कोणी शेजारी रात्रभर चार्जिंगला लावू शकला तर उत्तम. नाहीतर बॅटरी सोडवून मुंबईला न्या आणि तिथे अधूनमधून चार्ज करा.

सुरंगी

इलेक्ट्रिशियन येऊन गेला. आकडे देते.

दुपारी दोन वाजता प्लगवर १८८. इस्त्री लावली की १७१. संध्याकाळी आठला १७२, इस्त्री लावली की १५५ आणि यूपीएस लगेच 'पीं'. शेजारी काकूंकडे त्याच वेळी १९४, आणि आमची इस्त्री लावली-काढली तरी त्यांचा आकडा हललाच नाही. त्यांचं आणि आमचं कनेक्शन एकाच खांबावरून आहे.

आणखी एक. यूपीएसच्या बॅटरीच्या तारांना हिरवट बुरशीसारखं काहीतरी आलंय. आत एक पालही सापडली, वाळलेली.

कातळवाट

पाल आपल्याकडे प्रत्येक यूपीएसात भाड्याने राहते, तिचं सोडा. हिरवं आलेलं ते खारी हवा. नवी बॅटरी घालताना टोकं घासून पुसायची, घट्ट बसवायची आणि वरून थोडं व्हॅसलीन.

खरी बातमी आकड्यांत आहे. एकाच खांबावरून काकूंकडे १९४ आणि तुमच्याकडे १७२. वर तुमच्या एका इस्त्रीने सतरा व्होल्ट उतरतात आणि त्यांचा काटाही हलत नाही. म्हणजे लाईन तशी बरी आहे, चोरी होते आहे ती खांब ते तुमचा प्लग एवढ्या टप्प्यात. इस्त्री त्या व्होल्टेजला सव्वातीन अँपिअर घेत असेल. सतरा भागिले सव्वातीन, पाच ओहमच्या आसपास. चांगल्या जोडणीत हे एक ओहमच्याही खाली असतं. कुठला तरी जोड कुजला आहे. इस्त्री चालू असताना त्या एका जोडात पन्नासेक वॉट नुसते जळतात, सोल्डरिंगच्या इस्त्रीएवढी उष्णता. यूपीएस राहू दे, आग लागायचं काम आहे हे.

माझा अंदाज, मीटरच्या आधीचा, खांबाच्या बाजूचा जोड. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर अ‍ॅल्युमिनियमची, घरातली तांब्याची. दोन्ही नुसत्या पिळून बांधल्या असतील तर समुद्रकाठी खारट दमट हवेत अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं जातं. वायरमनलाच बोलवा. मीटरच्या आधीचं काम खासगी इलेक्ट्रिशियनने करायचं नसतं.

टेक_चिपळूण

काका, हे भारी आहे. पण मग ताईंनी यूपीएस कुठला घ्यायचा, ते राहिलंच की. सर्व्हिसचं कोणी बोललंच नाही. आणि बॅटरीचं म्हणाल तर आंब्याच्या फवारणी पंपाची बॅटरी शेतीच्या दुकानात मिळते, १२ व्होल्ट ८ एएच, स्वस्त. माझ्या मित्राने तीच घातली आहे.

कातळवाट

बसते, चालतेही. पण फवारणी पंप सावकाश दोन-तीन अँपिअर घेतो, त्या बॅटऱ्या त्या कामाच्या. नऊ-दहा अँपिअरने ओढली की तिचे आठ एएच खास यूपीएससाठीच्या सातच्याही मागे पडतात. अडल्या वेळेला ठीक.

सर्व्हिसचं सांगतो. कंपनीचं नाव सांगणार नाही, कारण एकाच कंपनीची रत्नागिरीतली सर्व्हिस आणि गुहागरातली सर्व्हिस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानदाराला विचारा, वॉरंटीत बिघडला तर मी तो कुठे आणून द्यायचा? तुमच्याकडे, चिपळूणला, की कोल्हापूरला? कोल्हापूरला असेल तर तिथवर कोण नेणार आणि तोवर मला काय देणार? दुसरं, वॉरंटी दोन वर्षं म्हणता ती पेटीची की बॅटरीचीही? ते बिलावर लिहून घ्या. टोल फ्री नंबरवर दुकानातूनच फोन करून आपला पिनकोड सांगा, घरी माणूस येतो की नाही ते तिथल्या तिथे कळेल. आणि शेवटचं, आत नेहमीच्या मापाची १२ व्होल्ट ७ एएच आहे ना? तशी असेल तर वॉरंटी संपल्यावर कंपनीवाचून अडत नाही, गावातला कोणीही बदलून देतो. काहींत वेगळ्या मापाची असते, मग तिसऱ्या वर्षी तुम्ही आणि तुमचं नशीब.

हर्णैची_मावशी

कातळवाट यांचं पटलं नाही. आपल्याकडे माणूस घरी येणं हेच महत्त्वाचं. मी नावाजलेल्या कंपनीचा घेतला, वॉरंटीत बिघडला, तेवीस दिवस पेटी परत आली नाही. नंतर गावातल्या दुकानातून असेंबल केलेला घेतला. दोनदा बिघडला, दोन्ही वेळा पोरगा संध्याकाळी येऊन करून गेला. नाव घेऊन काय चाटायचंय?

कातळवाट

मावशी, तुमचा पोरगा गावात आहे तोवर तुमचंच बरोबर. तो पुण्याला नोकरीला गेला की माझं. असेंबल केलेल्यात मला एक भीती, चार्जरचं व्होल्टेज नीट लावलेलं नसतं, बॅटरी फुगते. दर सहा महिन्यांनी पेटी उघडून बॅटरीच्या कडा बघा. पोट सुटलेलं दिसलं की लगेच काढा.

सुरंगी

वायरमन काल आला. काका, अगदी तुम्ही म्हणालात तोच जोड. वरची टेप सोडली तर आत काळाकुट्ट कोळसा, आणि अ‍ॅल्युमिनियमचा हाताला पांढरा भुगा. कापून नवीन कनेक्टर घातला. रात्री आठला मोजलं : १९२, इस्त्री लावून १८९. दोन दिवस झाले, एकदाही 'पीं' नाही. टक् मात्र रात्री एकदा ऐकू आला.

म्हणजे आता ११०० घ्यायचाच नाही, याच यूपीएसला नवी बॅटरी? आणि माझा लेझर प्रिंटर यूपीएसवर लावला तर चालेल ना? आजवर तसाच लावला होता.

कातळवाट

प्रिंटर आजच काढा! लेझर प्रिंटर कागद तापवताना क्षणात सात-आठशे वॉट ओढतो. बॅटरीवर असताना प्रिंट दिलीत तर यूपीएस ओव्हरलोड होऊन सगळंच बंद पडेल. परवा टॅली चालू असताना प्रिंट दिली होतीत का?

बाकी हो, फक्त बॅटरी. हजार-बाराशेत होईल. घेताना तिच्यावरची बनवल्याची तारीख बघा आणि दुकानातच मीटर लावायला सांगा. १२.७च्या वर हवी. १२.४ दाखवत असेल तर ती फळीवर वर्षभर पडलेली आहे, परत ठेवा. आणि वीस मिनिटं मिळतात म्हणून वीस मिनिटं काम करत बसू नका. पाचव्या मिनिटाला टॅली बंद. पावसात दोन-दोन तास लाईट जाते, तेवढं काम चालवायचंच असेल तर तो बापूंचा रस्ता, आता तुमचं व्होल्टेज त्याला झेपेल.

सुरंगी

प्रिंट दिली होती. जीएसटीचं चलन. 😑

देवगडचो_बापू

बघ, मी पयलांच सांगलंय.

चाकरमानी_बोरिवली

काका, एक राहिलं. आमच्या दापोलीच्या घरी मेन पाडलेलं असताना नुसत्या बॅटरीवर यूपीएस चालूच होत नाही. मुंबईतला होतो. तो बिघाड की तसंच असतं?

कातळवाट

काही मॉडेलांत लाईट नसताना सुरू करायची सोय असते, काहींत नसते. बॅटरी मेलेली असेल तरीही होणार नाही. गणपतीत गेलात की नवी बॅटरी घालून, रात्रभर चार्ज करून बघा आणि इथे लिहा. मॉडेलचं नाव पाठीवरून उतरवून घ्या, इथून सांगता येत नाही.